पैठणीचा व्हिडिओ टाकला, पण त्याखाली काय लिहायचं?

लग्नसराई तोंडावर आली की घराघरात मोबाइलवर पैठणी शोधणं सुरू होतं. दोन व्हिडिओ लागोपाठ समोर येतात. दोन्हींत माग दिसतो, पदरावर मोर दिसतो, जरीचा काठ चमकतो. एका साडीची किंमत अडीच हजार, दुसरीची पस्तीस हजार, आणि दोन्हींच्या खाली मजकूर मात्र एकच: ‘प्युअर सिल्क हँडलूम पैठणी, बुकिंगसाठी संपर्क करा’. बघणाऱ्या बाईनं काय समजायचं? दोन-दोन महिने मागावर बसून पदर विणणाऱ्या पैठणच्या विणकराचं याच ठिकाणी नुकसान होतं. फरक त्याच्या व्हिडिओत दिसत असतो, पण नेमकं कुठे बघायचं हे बघणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते काम व्हिडिओखालच्या लिखाणाचं आहे.

## मेटाडेटा म्हणजे गोणीवरची चिठ्ठी

मोंढ्यात तुरीच्या गोण्या एकावर एक रचलेल्या असतात. बाहेरून सगळ्या सारख्याच. कुणाची, कोणत्या वाणाची, किती वजनाची हे कळतं ते गोणीला लावलेल्या चिठ्ठीवरून. व्हिडिओच्या चिठ्ठीला मेटाडेटा म्हणतात. त्यात शीर्षक येतं, खालचं वर्णन येतं, व्हिडिओचे भाग कोणत्या मिनिटाला सुरू होतात ते येतं, सबटायटल्स येतात आणि शोधशब्द येतात. यापुढे या सगळ्याला आपण साधं ‘माहिती’च म्हणू.

ही चिठ्ठी दोघं वाचतात. पहिलं वाचतं ते यूट्यूबसारखं शोधयंत्र. मोर कसा विणला हे त्याला विणकरासारखं समजत नाही, म्हणून ते लिहिलेल्या शब्दांवर बरंच अवलंबून राहतं. दुसरा वाचतो तो गिऱ्हाईक, आणि पैसे त्याच्याच हातात असतात. बहुतेक विणकरांची मुलं पहिल्याला खूश करायला वर्णनात पन्नास शब्द कोंबतात आणि दुसऱ्याला विसरून जातात. खरं तर एकच नियम पाळला तरी दोघांचं काम होतं: माहितीत जे लिहाल ते व्हिडिओत कोणत्या मिनिटाला दिसतं हेही तिथेच लिहा. दाखवता येत नसेल ते लिहू नका.

उदाहरण म्हणून सव्वानऊ मिनिटांचा एक व्हिडिओ घेऊ. त्यात पैठणमध्ये हातमागावर विणलेली, बांगडी-मोराचा पदर असलेली एक सहावारी पैठणी आहे. साडीला ‘PT-014’ असा क्रमांक दिला आहे.

## ‘प्युअर सिल्क’ लिहिलं की झालं ना?

नाही झालं. साडीत धागे तीन ठिकाणी असतात आणि तिन्ही वेगवेगळे असू शकतात. मागावर उभा ताणलेला तो ताणा, धोट्यातून आडवा जाणारा तो बाणा, आणि काठापदरात चमकते ती जर. ताणा रेशमाचा आणि बाणा दुसऱ्याच कशाचा असलेली साडीही ‘सिल्क’ म्हणून विकली जाते. म्हणून तिन्ही धाग्यांची तीन वेगळी वाक्यं हवीत. ‘ताणा: तुतीचं शुद्ध रेशीम. बाणा: तुतीचं शुद्ध रेशीम. जर: टेस्टेड, तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा.’ एवढं वाचलं तरी लिहिणारा जाणकार आहे हे गिऱ्हाइकाला समजतं.

जरीच्या ओळीवर थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त गैरसमज आणि भांडणं तिथेच होतात. अस्सल जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत चांदीच्या तारेची जागा तांबं घेतं. तिसरा प्रकार प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीचा. ती हलकी असते, नवी असताना सर्वांत जास्त चमकते आणि कॅमेऱ्यात सर्वांत देखणी दिसते. नुसता व्हिडिओ बघून खरेदी करणारा नेमका इथेच फसतो.

टेस्टेड जर लिहायला लाजण्यासारखं काही नाही. बाजारातल्या बहुतांश पैठण्यांत तीच असते. मात्र ‘गोल्ड जरी’ लिहून तांब्याची जर दिली, तर काही वर्षांनी घडीवर मुलामा घासून लालसर काळपट रेघ उमटते. तेव्हा तक्रार येते आणि ती रास्तही असते. म्हणून जरीचा प्रकार लिहा, त्याखाली जपण्याची एक ओळ द्या: ‘सुती कापडात गुंडाळून ठेवा, अधूनमधून घडी बदला, अत्तर थेट जरीवर मारू नका.’ व्हिडिओतही जरीचा दोरा बोटावर धरून, थोडा उलगडून, आतला दोरा आणि वरची तार वेगळी दाखवा. वीस सेकंद पुरतात.

साडीची मापंही इथेच द्या: साडी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस सलग जोडून 80 सेंटिमीटर, पन्हा किती आणि वजन किती ग्रॅम. वजन अंदाजानं लिहू नका. तयार साडी काट्यावर ठेवून आकडा दाखवा.

## हातमाग आणि हाताची नक्षी या दोन गोष्टी आहेत

हा भाग शहरातल्या खरेदीदारालाच काय, कित्येक दुकानदारांनाही नीट माहीत नसतो.

पैठणीच्या पदराचं जुनं विणकाम तिल्ल्यांचं. तिल्ली म्हणजे रंगीत रेशमाची छोटी गुंडी. मोराच्या मानेची निळी तिल्ली, पिसाऱ्याची हिरवी, चोचीची लाल, पार्श्वभूमीच्या जरीची वेगळी. विणकर ताण्याचे मोजके धागे उचलतो, निळा धागा मानेच्या जागेतच फिरवतो आणि तिथूनच परत आणतो. निळा संपून जिथे जर सुरू होते तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून पुढे जातो. असं करत एक ओळ पुरी झाली की फणीनं ठोकतो आणि पुढची ओळ धरतो. नक्षीचा आलेख बऱ्याचदा ताण्याखाली ठेवलेला असतो. बारीक नक्षी असेल तर दिवसभरात काम इंच-दीड इंचच पुढे सरकतं.

दुसरी पद्धत जॅकार्डची. मागावर बसवलेलं हे यंत्र छिद्रांच्या पुठ्ठ्यांनुसार कोणते धागे उचलायचे ते ठरवतं. लक्षात घ्या, जॅकार्ड हातमागावरही बसतं. त्यामुळे जॅकार्डची साडी ‘हातमागाची’ म्हणून विकणारा खोटं बोलत असेलच असं नाही, पण त्या साडीतली नक्षी तिल्ल्यांनी विणलेली नसते. आणि यंत्रमाग हा तिसराच प्रकार. ‘हँडलूम’ या एका शब्दामागे पहिले दोन प्रकार झाकले जातात आणि किमतीतला मोठा फरक नेमका त्यांच्यातच आहे.

म्हणून तंत्राच्या ओळी साडीच्या भागांनुसार लिहा. ‘पदर: तिल्ल्यांनी, हातानं. काठ: तिल्ल्यांनी, हातानं. अंगावरच्या बुट्ट्या: जॅकार्डवर.’ बुट्ट्या जॅकार्डवर असतील तर तसंच लिहा. पदराबद्दल खरं सांगणाऱ्यावर त्यामुळे जास्त विश्वास बसतो.

पुरावा असतो साडीच्या मागच्या बाजूला. तिल्ल्यांचा पदर उलटला तरी मोर तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंग आपल्या जागेतूनच परत फिरलेला असतो. जॅकार्डच्या नक्षीत जादा धागा एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मागून धावतो, आणि साडी उलटली की ते सैल धागे किंवा कापलेली टोकं दिसतात. व्हिडिओची सुरुवात यानेच करा: पहिल्या पाच-दहा सेकंदांत पदर सुलटा, मग उलटा. बहुतेक व्हिडिओ संथ संगीत आणि नदीकाठाच्या दृश्यानं सुरू होतात. गोदावरी सुंदर आहेच, पण गिऱ्हाईक पदर बघायला आलेलं असतं.

## मिनिटांची यादी

यूट्यूबवर वर्णनात वेळा लिहिल्या की व्हिडिओ आपोआप भागांत वाटला जातो आणि बघणारा हव्या त्या भागावर थेट जातो. त्यासाठी तीन अटी आहेत. पहिली वेळ `00:00` असलीच पाहिजे. किमान तीन वेळा चढत्या क्रमानं हव्यात. आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा. भाग दिसत नसतील तर बहुतेक वेळा पहिली ओळ `00:05` वगैरे लिहिलेली असते किंवा मध्ये एखादी वेळ मागेपुढे झालेली असते.

```
00:00 तयार पदर: सुलटा आणि उलटा
00:35 ताणा आणि बाणा: तुतीचं रेशीम
01:50 जर उलगडून: टेस्टेड
02:40 बांगडी-मोर: तिल्ल्यांचं विणकाम
06:10 दोन रंगांची सांधणी, मागून
07:30 काठ आणि अंगाची जोडणी
08:40 ऑर्डर, मुदत, साडी क्रमांक PT-014
```

ही यादी म्हणजे कच्चा माल, तंत्र आणि ऑर्डर यांची अनुक्रमणिकाच आहे. ‘भाग 1’, ‘भाग 2’ अशी नावं दिली तर ती कुणाच्याच उपयोगाची नाहीत.

## रंग आला वेगळा, अशी तक्रार का येते?

पैठणीत धूपछाव असते, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. लाल ताण्यावर हिरवा बाणा विणला की साडी हलवली तशी कधी लालसर, कधी हिरवट झाक मारते. मोबाइलचा कॅमेरा त्यातला एकच रंग पकडतो, आणि एलईडीच्या पांढऱ्या उजेडात तोही बदलतो. मग ‘मागवली मोरपंखी, आली वांगी’ असा फोन येतो.

उपाय लिखाणात आहे. ‘मोरपंखी’ या नावासोबत दोन्ही धाग्यांचे रंग लिहा: ‘ताणा निळा, बाणा हिरवा’. व्हिडिओचा तो तुकडा सकाळच्या उजेडात दारात घ्या आणि साडी तीन कोनांतून फिरवा. पुढे एक ओळ जोडा: ‘पुन्हा रंगवलेल्या रेशमाची छटा थोडी वेगळी येऊ शकते.’ एकाच रंगाच्या दोन घाणी तंतोतंत जुळणं अवघड असतं. हे आधी सांगितलं तर माहिती ठरते आणि नंतर सांगितलं तर सबब.

## शीर्षक: पहिले पाच-सहा शब्द

यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाइलवर शेवटचा भाग कापला जातो. त्यामुळे ओळखीचे शब्द आधी आले पाहिजेत. ‘आमची परंपरा, आमचा अभिमान’ हे कुणी शोधत नाही. हे बघा:

‘हातमाग पैठणी: बांगडी-मोर पदराचं विणकाम, पैठण | PT-014’

यात काय, कुठला भाग, कुठे आणि कोणती साडी हे चारही आलं. ‘पैठण’ लिहायचं ते साडी खरोखर पैठणला विणली असेल तरच. पैठणी येवल्यातही विणतात, आणि नाव पैठणी आहे म्हणून गाव आपोआप पैठण होत नाही.

वर्णनाला 5,000 अक्षरं मिळतात, पण ‘आणखी’ दाबण्याआधी वरच्या जेमतेम दोन-तीन ओळी दिसतात. त्या ओळींत साडीचा क्रमांक, धाग्यांचा प्रकार, पदराचं तंत्र आणि ऑर्डरचा दुवा एवढंच ठेवा. कारखान्याचा इतिहास खाली जाऊ द्या.

शोधशब्दांची वेगळी चौकट असते, तिला एकूण 500 अक्षरं मिळतात. तिचा उपयोग थोडाच आहे, आणि यूट्यूबही तसंच सांगतं. लोक स्पेलिंग चुकवतात तिथे ती कामाला येते: `paithani`, `paithni`, पैठणी, पैठनी. हेच शब्द वर्णनात ओळीनं कोंबणं मात्र नियमाविरुद्ध आहे. साठाहून जास्त हॅशटॅग दिले तर यूट्यूब ते सगळेच सोडून देतं. आणि हजार-दोन हजारांची साडी शोधणारे लोक ओढायला ‘सेमी पैठणी’ हा शब्द टाकू नका. ते येतील, किंमत विचारतील आणि निघून जातील. दिवसाचे चाळीस फोन आणि ऑर्डर एकही नाही, हे दुखणं बऱ्याचदा इथूनच सुरू होतं.

## ‘मी व्हिडिओत सगळं तोंडानं सांगतो की’

सांगा, पण मागाच्या खटखटीत अर्धं ऐकू येत नाही आणि बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. आपोआप बनणाऱ्या सबटायटल्सवर सोडून दिलं तर ‘तिल्ली’चं ‘दिल्ली’ होणं अवघड नाही. सबटायटल्स स्वतः टाइप करा. शीर्षक आणि वर्णनाचं हिंदी-इंग्रजी भाषांतर यूट्यूब स्टुडिओत वेगळं भरता येतं. मग एकच व्हिडिओ नांदेडच्या बाईला मराठीत दिसतो आणि हैदराबादच्या बाईला तिच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे. भाषांतरात ‘तिल्ली’, ‘पदर’, ‘काठ’ हे शब्द तसेच ठेवा आणि पुढे एका वाक्यात अर्थ सांगा.

## ऑर्डरची माहिती: मुदत कशी काढायची

‘ऑर्डरनुसार बनवून मिळेल’ या वाक्यातून काहीच कळत नाही. गिऱ्हाइकाला तारीख हवी असते, कारण लग्नाची तारीख ठरलेली असते. हिशेब मांडून बघा. समजा पदर 27 इंचांचा आहे आणि दिवसाला दीड इंच होतो, म्हणजे 18 दिवस. अंग आणि काठ मिळून 20 दिवस. रेशीम रंगवणं, ताणा लावणं, शेवटची तपासणी यांना 8 दिवस. झाले 46 कामाचे दिवस. आठवड्याला सहा दिवस धरले तर जवळपास आठ आठवडे. सणवार, आजारपण आणि कुरिअर धरून वर्णनात लिहा: ‘नव्या ऑर्डरला 10 आठवडे.’ आठ लिहून दहा लागले तर भांडण होतं, दहा लिहून नऊ लागले तर गिऱ्हाईक परत येतं.

मुदतीखाली आणखी चार गोष्टी हव्यात. ही साडी तयार आहे की याच नमुन्याची नवी विणावी लागेल? आगाऊ रक्कम किती, आणि रेशीम रंगवल्यावर ऑर्डर रद्द केली तर तिचं काय होतं? काय बदलून मिळेल (अंगाचा रंग, बुट्टीची संख्या) आणि काय नाही (पदराची नक्षी)? आणि पैसे पाठवताना यूपीआयवर कोणतं नाव दिसेल? हा शेवटचा प्रश्न कुणी लिहीत नाही. पण अनोळखी माणसाला पंधरा हजार आगाऊ पाठवताना पडद्यावर भलतंच नाव आलं की गिऱ्हाईक तिथेच थांबतं. खातं विणकराच्या बायकोच्या नावावर असेल तर तसं स्पष्ट लिहा.

व्हॉट्सअॅपचा दुवा असा लिहितात:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=PT-014
```

91 नंतर दहा आकडी नंबर सलग. आधी अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मध्ये रेघ किंवा जागा नको. दुवा उघडला की गिऱ्हाइकाच्या संदेशात साडीचा क्रमांक आधीच टाइप झालेला येतो, आणि ‘तो मोरवाला व्हिडिओ, त्यातली हिरवी’ अशी विचारपूस वाचते. दुवा टाकल्यावर दुसऱ्या फोनवरून दाबून बघा. नव्या चॅनेलवर दुवे दाबता येत नसतील तर आधी खात्याची पडताळणी पूर्ण करावी लागते. छोट्या शॉर्ट्सच्या वर्णनातले आणि कमेंटमधले दुवे तर 2023 पासून दाबताच येत नाहीत. तिथे ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून मोठा व्हिडिओ जोडा.

किंमत लिहावी का? तयार साडीची लिहावी, तारखेसह. ऑर्डरच्या साडीची ‘पासून’ लावून लिहावी आणि ती कशानं वाढते तेही सांगावं: जरीचा प्रकार, पदराची लांबी, बुट्ट्यांची दाटी. शीर्षकात किंवा व्हिडिओच्या चित्रावर मात्र किंमत नको. रेशमाचा भाव बदलला की वर्णन दोन मिनिटांत बदलता येतं, चित्रात छापलेला आकडा तसाच राहतो.

## शिक्के: कोणता काय सांगतो

सिल्क मार्क रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो. साडी हातमागाची आहे की नाही, जर कसली आहे, हे तो सांगत नाही. हँडलूम मार्क हातमागाचं सांगतो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते स्वतःच्या मालावर लावायला विणकराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते. ‘पैठणीला जीआय आहे’ आणि ‘माझ्या साडीवर जीआय आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. जो शिक्का खरोखर साडीवर आहे तोच लिहा आणि त्याचं लेबल व्हिडिओत जवळून दाखवा.

## ‘एवढं उघड केलं तर डिझाइन चोरीला जाईल’

भीती खरी आहे, पण चोरी लिखाणातून होत नाही. चोरणारा व्हिडिओच उचलतो आणि खाली आपला नंबर टाकतो. त्यावर एक साधी युक्ती आहे. विणताना मागाच्या चौकटीला एक चिठ्ठी लावा, जाड अक्षरांत: साडी क्रमांक PT-014 आणि कारखान्याचं नाव. ती पदराच्या अगदी शेजारी असू द्या, म्हणजे ती कापली तर मोरही कापला जाईल. वर्णनात लिहा: ‘मागावरच्या चिठ्ठीवर आणि या दुव्यात एकच क्रमांक आहे ना, ते बघूनच पैसे पाठवा.’ नवी नक्षी असेल तर आलेखाचा कागद सलग दाखवू नका, हाताचं काम दाखवा.

सावध राहायचं ते दुसऱ्याच गोष्टीबाबत. मोबाइलवर काढलेल्या मूळ फाइलमध्ये घराचं नेमकं ठिकाण नोंदलेलं असू शकतं. गिऱ्हाइकाला मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ते सोबत जातं. माग घरात असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा आणि वर्णनात फक्त गाव लिहा.

PT-014 विकली गेली की व्हिडिओ काढून टाकू नका. वरच्या ओळीत ‘ही साडी विकली गेली, याच पदराची नवी साडी 10 आठवड्यांत’ असं लिहा आणि दुवा तसाच राहू द्या. लग्नसराईत माग भरले तर ‘नव्या ऑर्डर सध्या बंद, पुढची नोंद अमुक तारखेपासून’ ही ओळ वर चढवा.